धागा: शेजारच्या व्हिएतनामी बाईंना मेसेज करताना त्यांना काय म्हणू आणि स्वतःला काय म्हणू?

सायली_हनोई
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही हनोईत आहोत. वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, वय सत्तावन्न, निवृत्त शिक्षिका, नाव हान्ह. जिन्यात हसणं-बोलणं झालं, मग त्यांनी ज़ालो या मेसेजच्या अ‍ॅपवर जोडून घेतलं. आता मेसेज येऊ लागलेत आणि माझी बोटं अडतात. इथे 'मी' आणि 'तुम्ही' असे सरळ शब्द वापरत नाहीत, नात्याचे शब्द वापरतात, एवढं मला ठाऊक आहे. पण माझं नातं कुठलं ठरवायचं? मी चौतीस, माझी आई एकसष्ट. त्यांना ताई म्हणू, मावशी म्हणू की आजी? आणि स्वतःला काय म्हणू?

टिंग्या
सोपं आहे. 'मी' म्हणजे 'तोय' आणि 'तुम्ही' म्हणजे 'बान'. कुठल्याही अभ्यासक्रमाच्या पहिल्या धड्यात हेच असतं. विनाकारण गुंता करू नका.

दर्यावर्दी
आमच्या कंपनीचा माल हायफोंगला जातो. पत्राला 'प्रिय महोदया' असा मायना करतो, खाली पूर्ण नाव. कधी कुणाला राग आला नाही.

सायली_हनोई
@दर्यावर्दी, दादा, पालेभाजीच्या जुडीबद्दल आभार मानायचेत हो. मालाची पावती नाही पाठवायची.

रानवाटा
'तोय-बान' अजिबात पाठवू नका. पहिल्या धड्यात असतं ते परक्या दोन समवयस्कांचं बोलणं. 'बान' म्हणजे मित्र, वयाने बरोबरीचा. सत्तावन्न वर्षांच्या बाईंना तो लावला तर त्या हसतील आणि सोडून देतील. 'तोय'चं मात्र वेगळं आहे. वडीलधाऱ्यांशी बोलताना 'तोय' म्हटलं की मध्ये हातभर अंतर पडतं. भांडणात, पोलिसांपुढे, सभेत भाषण करताना ठीक. भाजी देणाऱ्या शेजारणीला ते थंडगार लागतं.

सायली, तुमचा प्रश्न उलट्या टोकाने सुटतो. त्यांच्या पहिल्या मेसेजमध्ये त्यांनी स्वतःला काय म्हटलंय आणि तुम्हाला काय म्हटलंय, ते आधी सांगा. इथे मोठ्या माणसाने जोडी ठरवलेली असते, आपण ती ओळखून उचलायची. शक्य असेल तर मेसेज जसाच्या तसा टाका.

सायली_हनोई
हा घ्या.

```
Cô để túi rau muống trước cửa cho cháu nhé. Nhà cháu có ăn được mắm tôm không?
```

मला एवढं कळलं की दारात भाजीची पिशवी ठेवलीय आणि कसल्याशा कोळंबीच्या चटणीबद्दल विचारलंय.

रानवाटा
मग नातं ठरलंच आहे. त्यांनी स्वतःला 'को' म्हटलंय, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तुम्हाला 'चाउ' म्हटलंय, म्हणजे भाची-पुतणी. 'न्या चाउ' म्हणजे तुमच्या घरचे सगळे. आता तुम्ही लिहिताना त्यांना 'को' म्हणायचं आणि स्वतःला 'चाउ'. दोघी तेच दोन शब्द वापरता. त्यांच्या वाक्यात 'को' म्हणजे मी, तुमच्या वाक्यात 'को' म्हणजे तुम्ही. पहिले काही दिवस डोकं गरगरतं, मग बसतं.

उत्तर असं जाईल:

```
Dạ cháu cảm ơn cô ạ. Nhà cháu không ăn được mắm tôm ạ.
```

सुरुवातीचं 'ज़ा' आणि शेवटचं 'आ' गाळू नका. सगळी अदब त्या दोन अक्षरांत आहे. आणि 'माम तोम' खात असाल तर दुसरं वाक्य बदला. वासाने घाबरू नका, तळलेल्या टोफूबरोबर उत्तम लागतो.

टिंग्या
एक मिनिट. मोठ्या माणसाला 'बाक' म्हणतात ना? हो ची मिन्ह यांना सगळा देश 'बाक हो' म्हणतो. मग आदर दाखवायचा तर सरसकट 'बाक' म्हणावं. 'को' म्हणजे तर नुसती आत्या.

रानवाटा
@टिंग्या, अर्धं बरोबर आहे. हनोईकडे 'बाक' म्हणजे आई-वडिलांपेक्षा मोठा भाऊ किंवा मोठी बहीण. त्यामुळे समोरचं माणूस आपल्या आई-वडिलांहून मोठं दिसलं की 'बाक', लहान दिसलं की बाईला 'को' आणि पुरुषाला 'चू'. सायलीची आई एकसष्ट, शेजारीण सत्तावन्न, म्हणून 'को'. हो ची मिन्ह यांचा जन्म 1890चा. स्वातंत्र्याच्या वेळी ते पंचावन्नचे होते आणि भोवतालचे बहुतेक तरुण. तिथे 'बाक' अगदी चपखल बसलं.

आणि आदर म्हणून एक पायरी जास्त चढवली की वय पण चढतं. पन्नाशीच्या बाईला कुणी 'बा', म्हणजे आजी, म्हटलं तर तिचा चेहरा बघा एकदा. इथली रीत अशी की स्वतःला खाली ठेवायचं आणि समोरच्याला वर, पण वर म्हणजे किती वर याला मर्यादा आहे.

नि३
मला हे सगळं जरा अति वाटतं. तुम्ही परदेशी आहात, त्यांना माहीत आहे. काहीही लिहिलं तरी समजून घेतील. मी दोन आठवडे तिकडे फिरलो, 'हॅलो' आणि 'थँक्यू'वर सगळं भागलं.

अप्पा_सायगॉनकर
@नि३, हॉटेलात भागतं. शेजारात राहायचं तर नाही भागत. समजून घेतील, बरोबर. पण समजून घेणं वेगळं आणि आपलं मानणं वेगळं. मी सायगॉनला धंद्यानिमित्त राहतो, आमच्या गल्लीत मी 'को' आणि 'चू' म्हणायला लागल्यावर भाज्यांचे भावसुद्धा बदलले.

पण रानवाटा, एक दुरुस्ती. 'चाउ' का? 'कॉन' लिहा की. 'कॉन' म्हणजे लेकरू. आमच्याकडे वयाने मोठ्या कुणाशीही बोलताना स्वतःला 'कॉन' म्हणतात. 'चाउ' ऐकलं की लोक ओळखतात, हा उत्तरेत शिकून आलाय.

रानवाटा
अप्पा, तुमच्याकडे तसंच आहे. दक्षिणेत 'कॉन'च सहज येतं. पण सायली हनोईत आहेत आणि बाईंनी स्वतः 'चाउ' लिहिलंय. इथे 'कॉन' आपल्या आई-वडिलांशी बोलताना येतं, चर्चमध्ये फादरशी किंवा पॅगोडात भिक्षूंशी येतं. शेजारणीला लिहिलं तर वावगं नाही, पण फार लडिवाळ होईल. त्यांनी 'कॉन' म्हटलं असतं तर आपण 'कॉन' म्हटलं असतं. आरशासारखं वागायचं.

अप्पा_सायगॉनकर
मान्य. पण 'ज़ा' नाही हो, 'या'. आमच्याकडे 'या' म्हणतात.

रानवाटा
मेसेजमध्ये दोन्ही `Dạ` असंच लिहितात, त्यामुळे तिथे भांडणाला जागा नाही.

मंजिरी_क
माझीही शंका याच धाग्यात विचारते. माझ्या भावाची बायको व्हिएतनामी आहे, हुए शहरातली. तिचा एक चुलतभाऊ माझ्या भावापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, तरी माझा भाऊ त्याला 'आन्ह', म्हणजे दादा, म्हणतो आणि स्वतःला 'एम', म्हणजे धाकटा. हे कसं काय? वयाने तर उलटं व्हायला हवं.

रानवाटा
तो मुलगा तुमच्या वहिनीच्या वडिलांच्या मोठ्या भावाचा असणार. घरात वय बघत नाहीत, शाखा बघतात. थोरल्याची मुलं थोरली, मग ती पाळण्यात का असेनात. भाऊ बायकोच्या पायरीवर उभा राहतो, म्हणून तोही 'एम'. पण सायलीच्या शेजारणीशी रक्ताचं नातं नाही, तिथे फक्त वय. दोन्ही नियम मिसळू नका.

मंजिरी_क
हो, थोरल्या काकांचाच मुलगा आहे! मग मी त्याला काय म्हणू? मी तर भावापेक्षाही मोठी आहे.

सायली_हनोई
अरे, माझ्या धाग्यात घुसखोरी! :) रानवाटा, उत्तर पाठवलं आणि लगेच एक गुलाबाचं चित्र आलं. 'माम तोम' आम्ही खात नाही म्हटल्यावर त्यांनी फक्त `Ừ` लिहिलं. हे रागावणं आहे का? मला ते तुटक वाटलं. आणि मीही कधी 'हो' म्हणायला 'उ' लिहू शकते का?

रानवाटा
रागावणं नाही. 'उ' म्हणजे मोठ्याचं लहानाला 'हं, बरं'. वरून खाली येताना ते मायेचं आहे, खालून वर पाठवलंत तर उर्मट. तुमचा होकार `Vâng ạ` किंवा `Dạ vâng ạ`. नुसतं 'ओके' सुद्धा नको, आणि नात्याचा शब्द गाळून अर्धवट वाक्यही नको. 'येते', 'मिळालं', 'उद्या', असं बिनकर्त्याचं बोलणं मोठ्यांपुढे उद्धट मानतात. मुलांना त्यावरून घरी रागावतात. मेसेजमध्ये घाईने हेच सर्वात जास्त घडतं, कारण परदेशी माणूस शब्दाबद्दल खात्री नसली की तो शब्द गाळतो. त्यापेक्षा चुकीचा शब्द परवडला.

आणि आखडतं लिहू नका. तरुण पोरं `e`, `c`, `a` एवढंच लिहितात. `c` म्हणजे 'ची' समजतात, म्हणजे ताई. 'को' पूर्ण लिहा, स्वरावरच्या टोपीसकट.

सायली_हनोई
टोपी-ठिपके कसे टाकू? फोनवर सापडत नाहीत.

अप्पा_सायगॉनकर
कीबोर्डच्या यादीत व्हिएतनामी निवडा, त्यात टेलेक्स पद्धत. स्वर दोनदा दाबला की टोपी, आणि शब्दाच्या शेवटी एक अक्षर मारलं की सूर.

```
coo = cô    chaus = cháu    daj = dạ    aj = ạ
```

टिंग्या
खुणा नाही टाकल्या तर काय बिघडतं? इथले लोकही खुणांशिवाय लिहितात, मी पाहिलंय.

रानवाटा
लिहितात, विशेषतः जुन्या फोनची सवय असलेले. आणि मग असं काही येतं:

```
Chau co nha khong
```

यातला `co` आत्याचा 'को' नाही. तो 'को' वरच्या सुरातला `có`, म्हणजे 'आहे'. 'चाउ, घरी आहेस का?' एवढाच प्रश्न. सायलीने इथे 'को' पाहून 'आत्या घरी आहे का' असं वाचलं तर त्या दाराशी उभ्या राहतील आणि ही विचारात पडेल. वाचताना खुणा मनात घाला आणि स्वतः लिहिताना फोनवर घाला. मोठ्यांनी आळस केला तर चालतो, आपण करू नये.

सायली_हनोई
वा, हे उपयोगी पडलं. आता खरा गोंधळ. आज सकाळी हा मेसेज आला:

```
Bà để phần cháu quả na, chiều sang bà lấy nhé.
```

इथे त्यांनी स्वतःला 'बा' म्हटलंय! काल आत्या होत्या, आज आजी? माझं काही चुकलं म्हणून त्या वर सरकल्या का? आणि 'चाउ' मात्र तसाच आहे.

टिंग्या
म्हणजे तुम्ही 'को' म्हटलेलं त्यांना कमी वाटलं. मी म्हणालो होतो ना, वरचा शब्द घ्या.

रानवाटा
नाही हो टिंग्या. सायली, तुम्हाला लहान मूल आहे का?

सायली_हनोई
मुलगी आहे, सहा वर्षांची. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी धावते.

रानवाटा
मग हा निरोप तिला आहे, तुमच्या फोनवर आलाय एवढंच. 'चाउ' शब्दात भाची-पुतणी पण येते आणि नात पण. 'आजीने तुझ्यासाठी सीताफळ ठेवलंय, दुपारी येऊन घेऊन जा.' आपल्याकडे सून मुलांसमोर सासऱ्यांना 'आजोबा' म्हणते, तसंच इथे मूल मध्ये आलं की सगळे मुलाच्या जागी उभे राहून बोलतात. तुमचं नातं बदललेलं नाही. उत्तर तुमच्या जागेवरून लिहा, पण आभार मुलीच्या तोंडून मानले तर त्यांना आवडेल:

```
Dạ vâng ạ, chiều cháu cho bé sang ạ. Bé cảm ơn bà ạ.
```

पहिल्या वाक्यातला 'चाउ' तुम्ही, मुलगी 'बे', म्हणजे छोटी. दुसऱ्या वाक्यात त्या 'बा' झाल्या, कारण आता छोटी बोलतेय. उद्या भाड्याबद्दल किंवा पाण्याच्या टाकीबद्दल बोलणं निघालं की पुन्हा 'को'.

अप्पा_सायगॉनकर
हे बरोबर सांगितलंत. आमच्याकडे तर गल्लीतल्या बाईला तिच्या घरातल्या क्रमांकाने हाक मारतात, आणि पहिल्या मुलाला 'दोन' म्हणतात. 'को हाय' म्हणजे घरातली थोरली. 'एक' कुणीच नसतो. ही सायगॉनची गंमत, हनोईत थोरल्याला वेगळा शब्द आहे. नव्या माणसाला सांगून ठेवतो, नाहीतर पहिली कुठे गेली म्हणून शोधत बसाल.

सायली_हनोई
सीताफळ आणलं, पाठ गोड झाली. आता आणखी एक दिसलं. वीस नोव्हेंबरला त्यांच्या पानावर जुन्या विद्यार्थ्यांचे संदेश होते, शिक्षक दिनाचे. त्यात सगळे त्यांना 'को' म्हणतात पण स्वतःला 'एम'. काही तर माझ्याहून मोठे दिसतात. मग मी 'चाउ' का आणि ते 'एम' का?

```
Em chúc cô luôn khỏe ạ
```

रानवाटा
कारण तो 'को' वेगळा. शिक्षिकेलाही 'को' म्हणतात, आणि विद्यार्थी स्वतःला 'एम' म्हणतो. पन्नाशीचा विद्यार्थीसुद्धा बाईंपुढे 'एम'च राहतो. ती जोडी शाळेतली आहे, वयाची नाही. तुम्ही शाळेत नव्हतात म्हणून 'चाउ'. उद्या त्या तुम्हाला व्हिएतनामी शिकवायला बसल्या आणि 'एम' म्हणू लागल्या, तर तुम्हीही 'एम' व्हा. पण तोपर्यंत नाही.

आणि नावाबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. ज़ालोवर पूर्ण नाव दिसत असेल, त्यात आधी आडनाव, शेवटी हान्ह. 'को' लावायचं ते शेवटच्या नावाला. आडनावाला लावलं तर कुणालाच कळणार नाही, कारण दहातल्या तीन-चार जणांचं आडनाव न्गुयेनच आहे.

नि३
ठीक आहे, मीही शिकलो. पण एक सांगा, समोरच्याने आधी काही लिहिलंच नसेल तर? मला एका ओळखीच्या बाईंना पहिला मेसेज करायचाय, पंचेचाळीस की पन्नास कळत नाही. मी अडतीस.

रानवाटा
मग 'ची-एम'. दहा-बारा वर्षांच्या फरकापर्यंत 'ची' चालतं, पंधराच्या पुढे 'को'कडे झुकतं, मधला भाग माणसावर. बायकांच्या बाबतीत शंका असेल तर मी लहान पायरी घेतो. पुरुष असेल तर मोठी घेतली तरी कुणी दुखावत नाही. उत्तरात त्या स्वतःला काय म्हणतात ते बघा आणि न बोलता तिकडे सरका. सरकताना माफी मागायची गरज नाही. विचारायचंच असेल तर जन्मवर्ष विचारा, इथे पहिल्या भेटीत विचारतात, कुणी वाईट मानत नाही.

अप्पा_सायगॉनकर
'आन्ह-एम'बद्दल मात्र सायलीसारख्या बायकांनी सांभाळा. पुरुष थोडाच मोठा असेल तर जोडी तीच, पण नवरा-बायको आणि प्रेमी पण तीच जोडी वापरतात. कार्यालयात काही नाही, रात्री साडेअकराला हृदयाच्या चित्रासकट गेली तर अर्थ बदलतो.

सायली_हनोई
आता शेवटचं. माझा नवरा पंचेचाळीसचा. हान्हबाईंपेक्षा बाराच वर्षांनी लहान. तुमच्या हिशोबाने त्याने त्यांना 'ची' म्हणावं. पण मी 'को' म्हणते! मग एकाच घरात?

रानवाटा
इथे मी स्वतः पक्कं सांगणार नाही. बहुतेक जोडपी एका पायरीवर उभी राहतात, आणि घरात मूल असेल तर त्याच्या शब्दावर सगळे जमतात. पण ओळख तुमच्यामार्फत आहे, म्हणून त्याने 'को' म्हणणं मला जास्त जुळतं. त्यांनाच विचारा:

```
Cô ơi, chồng cháu 45 tuổi thì gọi cô là gì ạ?
```

सायली_हनोई
विचारलं. उत्तर:

```
Ừ, cứ gọi chị cho trẻ nhé!
```

'ताईच म्हणू दे, तरुण वाटतं' असंच ना?

टिंग्या
म्हणजे आता नवरा त्यांचा धाकटा भाऊ आणि तुम्ही त्यांच्या भाची. तो तुमचा काका झाला!

रानवाटा
अर्थ तोच. पण ती अर्धी थट्टा आहे. शेवटचा उद्गार बघा. जिन्यात दोघं एकत्र भेटाल तेव्हा एक 'ची' आणि एक 'को' विचित्रच वाटेल.

अप्पा_सायगॉनकर
मी नाही मानत. मोठ्या माणसाने तोंडाने सांगितलं की विषय संपला. नवऱ्याने 'ची' म्हणावं, त्या खूश होतील.

रानवाटा
सायगॉनला म्हणावं. इथे मी आधी बघेन, त्या नवऱ्याला स्वतः लिहितात तेव्हा स्वतःला 'ची' म्हणतात का. म्हटलं तर म्हणावं.

सायली_हनोई
त्या त्याला लिहितील कशा? त्याचं ज़ालोच नाही.

मंजिरी_क
माझ्या भावाच्या मेहुण्याचं कुणी सांगणार आहे का?